पाच लाखांचा नमुना आणि एक मालेगाव

निवडणूक जवळ आली की दोन वाक्यं हमखास कानावर पडतात, आणि दोन्ही सारख्याच ठसक्यात बोलली जातात. पहिलं चाचण्यांना हसणाऱ्यांचं: ‘महाराष्ट्रात नऊ कोटींवर मतदार, आणि हे दीड हजार लोकांना विचारून निकाल सांगणार? मला तर जन्मात कुणी विचारलं नाही!’ दुसरं चाचण्या करणाऱ्यांचं आणि दाखवणाऱ्यांचं: ‘आमचा नमुना पाच लाखांवर आहे, म्हणजे आमच्या आकड्याला तोड नाही.’ वरवर पाहता ही दोन माणसं एकमेकांचे वैरी आहेत. खरं तर दोघांची श्रद्धा एकच आहे: नमुना जेवढा मोठा तेवढी चाचणी खरी. एकाला तो लहान दिसतो म्हणून तो हसतो, दुसऱ्याकडे तो मोठा आहे म्हणून तो मिरवतो. माझं म्हणणं असं की दोघंही चुकताहेत, आणि त्यातही दुसऱ्याची चूक जास्त महागात पडते.

आधी हसणाऱ्यांचं पाहू. ‘मला कधी कुणी विचारलं नाही’ हा त्यांचा हुकमी पुरावा. २०२४ च्या लोकसभेला महाराष्ट्रात सव्वानऊ कोटींच्या आसपास मतदार होते. त्यातल्या १,५०० जणांना विचारलं, तर तुमचा नंबर लागण्याची शक्यता साधारण साठ हजारांत एक. वर्षाला अशा दहा चाचण्या होतात आणि तुम्ही पन्नास वर्षं मतदार आहात असं धरलं, तरी आयुष्यात एकदा विचारलं जाण्याची शक्यता शंभरात एकही भरत नाही. तुम्हाला कुणी विचारलं नाही यात नवल काहीच नाही, उलट दर निवडणुकीला विचारलं गेलं असतं तर संशय घ्यायला जागा होती.

‘पण एवढ्याशा लोकांवरून कळतं कसं?’ हा मात्र रास्त प्रश्न आहे. समजा एका राज्यात बरोबर निम्मे मतदार ‘अ’ पक्षाचे आहेत. मतदारयादीतून निव्वळ चिठ्ठ्या टाकून १,००० नावं काढली, तर त्यात ‘अ’चे बरोबर ५०० निघतील असं नाही. एकदा ४८८ निघतील, पुढच्या खेपेला ५१४, मग ५०३. अशा शंभर सोडती काढल्या तर त्यातल्या सुमारे पंचाण्णव सोडतींत हा आकडा ४६९ ते ५३१ च्या दरम्यान पडतो. टक्क्यांत सांगायचं तर ५० अधिक-उणे ३.१. चाचणीच्या तळाशी बारीक अक्षरांत ‘मार्जिन ऑफ एरर ३ टक्के’ असं जे छापलेलं असतं, ते हे आणि एवढंच. चिठ्ठ्या उचलताना नशिबाने जो फरक पडतो त्याचं हे माप आहे, आणि तेही शंभरातल्या पंचाण्णव वेळांपुरतं. उरलेल्या पाच वेळा सगळं नीट करूनही आकडा या कुंपणाबाहेर जातो.

या हिशेबात राज्याची एकूण लोकसंख्या कुठे आली? कुठेच नाही. गोव्यात अकरा-बारा लाख मतदार आहेत, महाराष्ट्रात नऊ कोटींवर. दोन्हीकडे एक-एक हजार माणसं चिठ्ठी टाकून निवडली तर दोन्हीकडची नशिबाची चूक सारखीच, ३.१ टक्के. ‘गोवा लहान, तिथे दोनशे पुरेत’ असं म्हणणारा आणि ‘महाराष्ट्र मोठा, इथे लाख तरी हवेत’ असं म्हणणारा एकाच खड्ड्यात पडतो. शितावरून भाताची परीक्षा पाच माणसांच्या पातेल्यात होते तशी लग्नाच्या हंड्यातही होते, हंड्यासाठी परातभर शितं चेपून बघावी लागत नाहीत. मात्र वरचंच शीत चेपलं, तर तळाला करपलेलं कळत नाही, पातेलं असो की हंडा. (एकूण आकडा महत्त्वाचा ठरतो तो अगदी लहान जागी. दोन हजार मतदारांच्या गावात हजारांना विचारलं, तर निम्मं गावच विचारून झालं. तिथे चूक ३.१ वरून २.२ वर येते. ग्रामपंचायतीच्या चाचण्या टीव्हीवर येत नाहीत, हे बरंच आहे.)

म्हणजे हसणाऱ्यांची हरकत टिकत नाही. हजार-दीड हजारांचा नमुना एका राज्यातल्या मतांच्या टक्केवारीसाठी लहान नसतो. आता मिरवणाऱ्यांकडे वळतो.

नमुना वाढवला की नशिबाची चूक कमी होते हे खरं, पण ती वर्गमुळाच्या चालीने कमी होते. चूक निम्मी करायची तर माणसं चौपट लागतात. हजाराला ३.१ टक्के, चार हजारांना दीड, सोळा हजारांना पाऊण. पाच लाख ऐंशी हजारांना विचारलं तर सूत्राप्रमाणे चूक ०.१३ टक्के, म्हणजे जवळजवळ शून्यच. २०२४ च्या लोकसभेच्या वेळी ॲक्सिस माय इंडियाच्या एक्झिट पोलचा नमुना एवढाच, सुमारे ५ लाख ८० हजारांचा होता. त्यांनी एनडीएला ३६१ ते ४०१ जागा दिल्या. मिळाल्या २९३. नशिबाला दोष द्यायला इथे जागाच उरत नाही, कारण नशिबाची चूक त्यांनी सहा लाख माणसांखाली केव्हाच गाडून टाकली होती. चूक दुसरीकडे होती, आणि ती दुसरी चूक माणसं वाढवून कमी होत नाही.

हे महाराष्ट्राला नव्याने सांगायची गरज नसावी. सातारा जिल्ह्यातल्या बुध गावचे पांडुरंग वासुदेव सुखात्मे यांनी हाच मुद्दा पिकांच्या बाबतीत १९४० च्या दशकात मांडला होता. पिकाचा उतारा काढायचा तर शेतात काही तुकडे चिठ्ठी टाकून निवडायचे, तेवढंच पीक कापायचं, तोलायचं आणि त्यावरून एकरी उत्पन्नाचा अंदाज बांधायचा, अशी पद्धत. तुकडे किती मोठे असावेत यावर त्या वेळी जोराचा वाद होता. अगदी लहान तुकडे घेतले तर काम स्वस्त होतं, आणि वाचलेल्या पैशात असे पुष्कळ तुकडे घेता येतात. सुखात्म्यांनी दाखवून दिलं की लहान तुकड्यांवरून काढलेला उतारा खऱ्यापेक्षा जास्त येतो. कारण अगदी साधं आहे. कापणाऱ्याच्या हाताला तुकड्याच्या कडेवरचं रोप लागलं की ते आत की बाहेर हा प्रश्न पडतो, आणि हात ते आत घेण्याकडे झुकतो. तुकडा जितका लहान, तितका कडेचा वाटा मोठा आणि ही भर जास्त. १९४६ साली ‘नेचर’ या नियतकालिकात त्यांनी हे लिहिलं. त्यातली खोच अशी की असे शंभर तुकडे घ्या किंवा दहा हजार घ्या, ती भर तशीच राहते. तुकडे वाढवल्याने तुम्ही फक्त चुकीच्या आकड्याबद्दल अधिकाधिक निश्चिंत होता.

निवडणूक चाचणीत ही कड कुठे असते? जरा जवळून पाहू. समजा एका मतदान केंद्राच्या यादीत १,०५० नावं आहेत आणि तिथून २५ माणसं घ्यायची आहेत. १,०५० भागिले २५ म्हणजे ४२. एक ते बेचाळीसमधला एक आकडा चिठ्ठीने काढायचा, समजा १७ निघाला. मग यादीतलं १७ वं नाव, ५९ वं, १०१ वं, असं बेचाळीसच्या अंतराने पुढे जायचं. देशात लोकनीती-सीएसडीएससारख्या संस्था मतदारयादीतून अशीच नावं काढतात, आणि उत्तर देणाऱ्याला संकोच वाटू नये म्हणून नकली मतपत्रिका हातात देऊन ती पेटीत टाकायला सांगतात. कागदावर हे सुरेख दिसतं. प्रत्यक्षात ५९ नंबरच्या बाई कामासाठी सुरतला गेलेल्या असतात. १०१ नंबरचे गृहस्थ शेतावर, संध्याकाळी येतील. १४३ नंबरच्या सूनबाई दारात येतात आणि म्हणतात, ‘ह्यांना विचारा, आम्हाला काय कळतंय!’ चाचणीवाल्या पोराला दिवसाला ठरावीक फॉर्म भरून द्यायचे आहेत, एसटी साडेपाचची आहे. मग तो चौकातल्या टपरीवर बसतो आणि तिथे जे चहा प्यायला येतात त्यांना विचारून आकडा पुरा करतो. टपरीवर कोण असतो? पुरुष असतो, मोकळा असतो, राजकारणावर बोलायला उत्सुक असतो, आणि बहुधा गावात ज्यांचं चालतं त्यांच्यातला असतो. जो बोलायला बिचकतो तो टपरीवर येत नाही, आला तर खरं सांगत नाही.

अशी टपरी हजार गावांत लावली काय आणि वीस हजार गावांत लावली काय, झुकाव तोच. तळाशी छापलेल्या तीन टक्क्यांत या टपरीचा एक शतांशही धरलेला नसतो. ते सूत्र असं गृहीत धरतं की प्रत्येक नाव खरोखर चिठ्ठीने निघालं, प्रत्येक माणूस सापडला आणि प्रत्येकाने खरं सांगितलं. अमेरिकेत १९९८ ते २०१४ या काळातल्या चार हजारांहून जास्त चाचण्या निकालांशी ताडून पाहिल्या गेल्या तेव्हा प्रत्यक्ष चूक छापलेल्या मार्जिनवरून निघते त्याच्या साधारण दुप्पट भरली. तिथे यंत्रणा आपल्यापेक्षा जुनी आणि श्रीमंत आहे.

आता एक मतदारसंघ घेऊन सगळा हिशेब मांडतो, म्हणजे मी हवेत बोलतोय असं वाटणार नाही. धुळे, लोकसभा २०२४. काँग्रेसच्या शोभा बच्छाव यांनी भाजपच्या सुभाष भामरे यांना ३,८३१ मतांनी हरवलं. मतदान झालं सुमारे बारा लाख. म्हणजे फरक एक टक्क्याच्या तिसऱ्या हिश्श्याएवढा. सहा विधानसभा क्षेत्रांपैकी पाचांत भामरे पुढे होते. सहावं मालेगाव मध्य. तिथे बच्छाव यांना जवळपास दोन लाख मतं पडली आणि भामरे यांना पाच हजारही नाहीत.

या मतदारसंघात तुम्हाला हजारांचा नमुना घ्यायचा आहे. मालेगाव मध्यचा मतदानातला वाटा साधारण सतरा टक्के, म्हणजे तुमच्या हजारांत तिथले १७० लोक हवेत. तिथे बच्छाव यांची आघाडी पंचाण्णव टक्क्यांची, बाकी पाच क्षेत्रांत मिळून भामरे यांची सुमारे एकोणीस टक्क्यांची. १७० माणसं बरोबर घेतली तर दोन्ही पारडी जवळजवळ सारखी येतात, जशी ती प्रत्यक्षात होती. पण तिथल्या एका मोहल्ल्यात पोरांना कुणी दार उघडलं नाही आणि १७० ऐवजी १४० च आले, तर भामरे तीन टक्क्यांनी पुढे दिसतील. उलट काम तिथे सोपं गेलं आणि २०० आले, तर बच्छाव चार टक्क्यांनी पुढे. तीस माणसं इकडची तिकडे झाली की निकाल फिरतो. प्रश्न विचारताना कुणी खोटं बोललं नाही, नमुना हजाराचाच आहे, तळाशी ‘३ टक्के’ही छापलेलं आहे.

यातून दोन गोष्टी निघतात. पहिली, आपल्याकडे मतं सरमिसळ पसरलेली नसतात, ती वस्तीवस्तीने, बूथबूथने एकगठ्ठा असतात. एका बूथवरच्या पंचवीस जणांना विचारलं तर पंचवीस स्वतंत्र मतं हाती येत नाहीत, कारण शेजाऱ्याचं उत्तर बरेचदा शेजाऱ्यासारखंच असतं. म्हणून दीड हजार माणसं जर थोड्याच बूथांवरून झुबक्याझुबक्याने आणली, तर ती सहाशे-सातशे स्वतंत्र माणसांच्याच तोलाची ठरू शकतात, आणि खरी चूक अडीच टक्क्यांच्या जागी चारच्या घरात जाते. माणसं वाढवण्यापेक्षा बूथ वाढवणं जास्त कामाचं. दुसरी, मालेगाव मध्यचा वाटा किती हे आधीच ठाऊक असतं. तो सतरा टक्क्यांवर बांधून घेतला, कमी आले तर त्यांच्या उत्तरांना तेवढं जास्त वजन दिलं, की हा धोका जवळपास संपतो. ज्या संस्थेने हे केलं तिचा लहान नमुनाही, न करणाऱ्याच्या मोठ्या नमुन्यापेक्षा भरवशाचा ठरू शकतो. आणि हेही खरं की ०.३ टक्क्यांच्या फरकाचा विजेता ओळखायला कितीही चोख चाचणी उपयोगाची नाही. ‘धुळ्यात काय होईल?’ याचं प्रामाणिक उत्तर ‘सांगता येत नाही’ एवढंच होतं. वाहिनीवर ते उत्तर द्यायला कुणी धजत नाही.

अंतराचा आणखी एक घोळ निस्तरायला हवा, कारण तो शिकलेल्या लोकांकडूनही होतो. चाचणीत एक आघाडी ४५ आणि दुसरी ४२, मार्जिन अडीच टक्के. लगेच बातमी होते, ‘तीन टक्क्यांची आघाडी, मार्जिनच्या बाहेर.’ पण अडीच टक्के हे प्रत्येकीच्या आकड्याभोवती आहेत. एकीचा आकडा नशिबाने वर गेला तर तो बहुतेक दुसरीच्या खात्यातूनच जातो, म्हणून दोघींतल्या अंतरावरची चूक जवळजवळ दुप्पट होते. दीड हजारांच्या नमुन्यात ती पावणेपाच टक्क्यांच्या आसपास भरते. तीन टक्क्यांची ही आघाडी त्यात आरामात बुडते.

आणि जागा? तिथे तर या मार्जिनचा संबंधच तुटतो. २०२४ च्या लोकसभेला महाराष्ट्रात महाविकास आघाडी आणि महायुती यांची एकूण मतं जवळजवळ सारखी होती, फरक एका टक्क्याच्या आतला. जागा मात्र ३० आणि १७, एक अपक्ष. मुंबई वायव्यमध्ये रवींद्र वायकर ४८ मतांनी आले. अशा राज्यात मतांची टक्केवारी अगदी अचूक काढली तरी जागांचा आकडा त्यातून आपोआप पडत नाही. तो काढायला प्रत्येक संस्था आपापलं गणित वापरते आणि ते झाकून ठेवते. त्याच निवडणुकीत टुडेज चाणक्यने एनडीएला ४०० अधिक-उणे १५ असं दिलं होतं. हे पंधरा सोडतीच्या सूत्रातून येणारे नाहीत. मतांच्या चुकीचं चिन्ह जागांपुढे जोडलं की वाचणाऱ्याला वाटतं शास्त्राने हमी दिली.

मग नशिबाची चूक आणि झुकावाची चूक बाहेरून ओळखायची कशी? पुष्कळ चाचण्या एकत्र ठेवून पाहिलं की बरंच कळतं. नशीब दोन्हीकडे फेकतं, काही चाचण्या वर जातात, काही खाली. २०२४ च्या लोकसभेला बहुतेक एक्झिट पोल एकाच बाजूला, वर गेले होते. सहाच महिन्यांनी महाराष्ट्र विधानसभेला उलटं झालं: महायुती बहुमताच्या जवळपास किंवा थोडी पुढे असं बहुतेकांनी दाखवलं, दोनशेपर्यंत फारच थोडे गेले, आणि तिन्ही मुख्य पक्षांच्याच मिळून २३० आल्या. म्हणजे झुकाव कुठल्या एका पक्षाच्या बाजूचा नव्हता, पण दोन्ही वेळा तो सगळ्यांचा एकदम, एकाच दिशेचा होता. सगळे एकाच दिशेने चुकतात तेव्हा कारण नमुना लहान असण्यात नसतं. कोण दार उघडतंय, कोण बोलतंय आणि मधली जागा कुणाच्या अंदाजाने भरली जातेय, तिथे ते शोधावं लागतं.

म्हणून संपादकांना आणि वाहिन्यांना माझं सांगणं आहे. नमुन्याचा आकडा मोठ्या टाइपात छापणं बंद करा. त्याऐवजी किती बूथांवर गेलात, नावं यादीतून काढली की रस्त्यावरून, निवडलेल्यांपैकी किती जण प्रत्यक्ष भेटले आणि न भेटलेल्यांच्या जागी कुणाला विचारलं, एवढ्या चार ओळी छापा. आणि वाचकहो, पुढच्या खेपेला पडद्यावर पाच लाखांचा नमुना झळकला आणि या चार ओळी कुठेच दिसल्या नाहीत, तर त्या चाचणीला टपरीवरच्या गप्पांपेक्षा जास्त किंमत देऊ नका.